रविवारी ती बाथरूममध्ये येत नाही

भुरीची तक्रार माझ्याकडे आली ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ती भुरीची नव्हतीच, काकूंची होती. "अगं, अंघोळीला बसले की ही पायाशी. ओल्या फरशीवर मी एकदा घसरता घसरता वाचले. दार लावलं तर ओरबाडते. सांग, मी काय करू?" फोनवर मागून काकांचा आवाज आला, "सांग तिला, ही तुझ्यावर प्रेम करते म्हणून येते." त्यावर काकू म्हणाल्या, "प्रेम असेल तर बाहेर बसून कर म्हणावं."

कोथरूडमधली जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली सोसायटी. घर वरच्या मजल्यावर. काका बँकेतून निवृत्त, काकू चौसष्ट वर्षांच्या, मुलगी परगावी. भुरी साडेसात वर्षांची देशी कुत्री, तीन महिन्यांची असताना गल्लीतून उचलून घरी आणलेली, नसबंदी झालेली, वजन साडेचोवीस किलो. लहानपणापासून ती काकूंच्या मागे मागेच असायची, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पण दिवाळीनंतर कधीतरी हे मागे लागणं बदललं, असं काकूंचं म्हणणं होतं. आधी ती उंबऱ्यावर बसायची, आता आत शिरते. आधी झोपायची, आता उभी राहते.

मी कुत्र्यांच्या वागण्याच्या तक्रारी पाहते. औषधं देत नाही, ते काम पशुवैद्याचं. माझ्याआधी या घरी एक प्रशिक्षक येऊन गेले होते. त्यांनी निदान केलं होतं: कुत्री लाडावली आहे, मालकिणीवर फार अवलंबून आहे, आठवडाभर दुर्लक्ष करा, बाथरूमचं दार घट्ट लावा, ओरबाडू दे, आपोआप सुटेल. चौथ्या दिवशी भुरीने दाराशी लघवी केली आणि काकूंनी तो प्रयोग सोडला. मुलीने इंटरनेटवर वाचून दुसरं निदान पाठवलं होतं: विरहाची भीती, म्हणजे एकटं राहण्याच्या कल्पनेनेच कुत्र्याचं घाबरून जाणं.

तर घरात तीन मतं होती. काकांचं प्रेम, प्रशिक्षकांचं लाड, मुलीचं विरह. तिन्ही मतांमागे एकच गृहीत होतं, की भुरी जिथे जाते तिथे ती काकूंसाठी जाते. ते गृहीत मीही तपासलं नाही, हे आधीच कबूल करते.

मागे येणं मुळात कशामुळे

कुत्रं माणसाच्या मागे खोलीखोलीतून फिरतं यात बिघाड शोधायची गरज सहसा नसते. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या विद्यापीठात योझेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलं आणि आई यांच्यासाठी वापरली जाणारी एक चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली. अनोळखी खोली, कधी मालक हजर, कधी अनोळखी माणूस, कधी कुणीच नाही. एक्कावन्न जोड्यांमध्ये त्यांना दिसलं ते असं, की मालक खोलीत असताना कुत्री जास्त खेळतात, मालक गेला की दाराशी जाऊन थांबतात आणि तो परत आला की अनोळखी माणसापेक्षा त्याच्याकडे वेगळ्या ओढीने जातात. मूल आईला धरून असतं त्या धर्तीचं हे नातं आहे. माणूस जवळ असला की कुत्र्याला जग कमी अवघड वाटतं.

देशी कुत्र्यांबद्दल अनेकांना वाटतं की ती खाण्यापुरती जवळ येतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या मोकळ्या कुत्र्यांवर काम करून २०१७ मध्ये दाखवलं, की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिला त्यापेक्षा वारंवार कुरवाळलं तर कुत्री त्याच्यावर जास्त भरवसा ठेवू लागतात. भुरीच्या जातकुळीतच हे आहे.

दुसरं कारण साधं आहे आणि स्वयंपाकघरात राहतं. काकू उठून ओट्याकडे गेल्या की दहातून तीनदा पोळीचा तुकडा खाली येतो. दहातून दहादा आला असता तर भुरीला त्याची किंमत कमी वाटली असती, आणि कधीच आला नसता तर तिने उठायचे कष्ट घेतले नसते. अधूनमधून मिळणारं बक्षीस सगळ्यात चिवट सवय लावतं. शिवाय कुत्र्याला उठायला फारसं काही लागत नाही. त्याची झोप दिवसभर तुकड्यातुकड्यांची असते, एक डुलकी मोडली तर दुसरी घेता येते. काकांच्या मागे भुरी क्वचितच जायची, कारण काका उठून जातात ते वर्तमानपत्र आणायला.

आणि बाथरूम? घरातलं तेवढंच एक दार रोज आपल्या तोंडावर बंद होतं, म्हणून कुत्र्याच्या लेखी ते वेगळं ठरतं. आत माणूस एका जागी, खाली, बराच वेळ बसलेला असतो आणि तिथे वासांची रेलचेल असते. पुण्याच्या उन्हाळ्यात तर तिथली फरशी घरात सगळ्यात गार. एवढ्याने बहुतेक घरांतली गोष्ट संपते. तिथे मी "दार उघडं ठेवा किंवा बंद ठेवा, तुमची सोय बघा" इतकंच सांगते.

इथे ते सांगता आलं नाही, कारण काकूंनी एक शब्द वापरला होता: उभी राहते.

काकांची वही

माणसाच्या मागे येऊन कुत्रं पोचल्यावर काय करतं, याकडे मी सगळ्यात आधी बघते. पोचलं, एक उसासा टाकला, कुशीवर आडवं झालं, तर ते सोबतीसाठी आलं आहे. पोचूनही त्याला बसवत नसेल, तोंड उघडून धापत असेल, कान मागे आणि शेपूट पोटाखाली असेल, तर सोबत मिळूनही त्याचं काम झालेलं नाही. मग ते कशासाठी आलं आहे हे शोधावं लागतं.

काकांना मी आठ दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. बँकेतला माणूस, त्यांनी पट्टीने रकाने आखले. वेळ. कोण उठलं. कुठे गेलं. भुरी आली का. पोचल्यावर काय केलं. शेवटी स्वतःहून "शेरा" असा एक रकाना जोडला, आणि हे प्रकरण सुटलं ते त्या रकान्यामुळे.

त्याच आठवड्यात विरहाच्या भीतीचाही निकाल लावायचा होता. तो कुत्रं मागे येतं की नाही यावरून लागत नाही, एकटं असताना काय करतं यावरून लागतो. जॉर्जिया विद्यापीठात २००६ मध्ये दोघी संशोधकांनी विरहाची भीती असलेली आणि नसलेली कुत्री चाचणीत तपासली, तेव्हा मालकाला चिकटून राहण्यात दोन्ही गटांत फरक आढळला नव्हता. म्हणजे घरात शेपटासारखं मागे फिरणारं कुत्रं एकटं असताना निवांत घोरत असू शकतं. उलटही घडतं. म्हणून कॅमेरा लागतो. खास कॅमेरा नको, जुना मोबाइल फडताळात उभा केला तरी चालतो. विरहाची भीती असेल तर दार लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच बहुधा दिसते: येरझाऱ्या, दाराशी ओरबाडणं, लाळ, विव्हळणं, समोर ठेवलेल्या खाण्याला तोंड न लावणं.

रविवारी संध्याकाळी काका-काकू पाऊण तास भाजीला गेले. व्हिडिओत भुरीने सात मिनिटं दाराकडे पाहिलं, पोळीचा तुकडा खाल्ला, मग सोफ्यावर, जिथे बसायची तिला बंदी आहे, तिथे चढून झोपली. चढताना एकदा तिचे पुढचे पाय वर गेले आणि मागचे उचलायला ती थोडी थांबली. तो क्षण मी तेव्हा पाहिला आणि सोडून दिला.

आठ दिवसांनी वही पाहिली. स्वयंपाकघराच्या नोंदी अपेक्षेप्रमाणे होत्या: आली, बसली, वर पाहत राहिली, मिळालं किंवा नाही मिळालं, आडवी झाली. बेडरूमच्याही तशाच. बाथरूमच्या नोंदी मात्र त्यांच्याशी जुळत नव्हत्या. सोमवार ते शनिवार, एक गुरुवार सोडून, रोज सव्वादहाच्या अंघोळीला ती आत आली, उभी राहिली, धापली. जानेवारीतल्या सकाळी, स्वेटर घालायच्या दिवसांत, धापली. रविवारी त्याच वेळी, त्याच बाथरूममध्ये, त्याच काकू अंघोळीला गेल्या आणि भुरी हॉलमधल्या उन्हात पडून राहिली. डोकंही उचललं नाही.

मधल्या गुरुवारची नोंदही गंमतशीर होती. त्या दिवशी महापालिकेचं पाणी बंद असणार होतं म्हणून काकूंनी साडेसहालाच अंघोळ उरकली. तेव्हा भुरी आली, पण उंबऱ्यावर पसरून झोपली, पूर्वीसारखी. आणि मग सव्वादहाला, काकू ओट्यापाशी असताना, काकांच्या अक्षरात: "भुरी बाथरूममध्ये. एकटी. उभी." शेऱ्याच्या रकान्यात सोमवारी आणि बुधवारीही बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "आधीच आत होती."

आधीच आत होती! म्हणजे आम्ही सगळे जिला काकूंच्या मागे येणारी समजत होतो ती काकूंच्या पुढे गेलेली होती.

"काका," मी विचारलं, "रविवारी सकाळी दहाला इथे काय नसतं?"

काका हसले. "शांतता कधी नसते असं तू विचारायला हवंस. सोमवार ते शनिवार शांतता नसते." त्यांनी मागची खिडकी उघडून दाखवली. शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू होतं. जुनी इमारत पाडण्याचं काम दिवाळीनंतर लागलं होतं, आणि काँक्रीट फोडणारा ब्रेकर सकाळी साडेनऊ ते एक आणि अडीच ते सहा चालायचा. रविवारी सुट्टी.

मी या घरी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा संध्याकाळी सात वाजता. माझ्या सोयीची वेळ, आणि ब्रेकर बंद व्हायची. काका-काकूंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. व्हिडिओसुद्धा आम्ही रविवारचा घेतला होता. तेव्हापासून मी पहिली भेट त्याच वेळी ठेवते, ज्या वेळी तक्रार घडते.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता दुसरा व्हिडिओ घेतला, या वेळी फोन पॅसेजमध्ये ठेवून. घरात कुणी नाही. ब्रेकर सुरू झाला तशी भुरी हॉलमधून उठली, मान खाली घालून पॅसेजमधून थेट बाथरूममध्ये गेली आणि बादलीमागच्या कोपऱ्यात उभी राहिली. ब्रेकर थांबला की खाली बसायची, पुन्हा घरघर सुरू झाली की उठून उभी. बाहेरच्या दाराकडे एकदाही गेली नाही. तिला काकू नको होत्या असं नाही. पण जे हवं होतं ते काकूंशिवायही तिने शोधलं होतं.

बाथरूम का, हे घराचा नकाशा पाहिला की कळतं. सगळ्या खोल्यांना पाडकामाच्या किंवा रस्त्याच्या बाजूने खिडक्या. बाथरूम मधोमध, वर एक छोटा झरोका, तोही डक्टमध्ये उघडणारा. फटाक्यांत आणि ढगांच्या गडगडाटात पुष्कळ कुत्री तिथेच जाऊन बसतात. आता प्रशिक्षकांच्या आठवड्याकडे परत बघा. दार ओरबाडणारी भुरी काकूंपासून ताटातूट झाली म्हणून ओरबाडत नव्हती. घरातली तिची एकमेव लपायची जागा आतून कडी लावून बंद केली होती, आणि तीही ऐन आवाजाच्या वेळी.

काकांचं प्रेमाचं मतही अगदीच खोटं ठरलं नाही. वहीत एक बारकावा होता. काकू आत असताना भुरी धापायची, पण दोनदा शेवटी खाली बसली. एकटी असताना ब्रेकर चालू आहे तोवर ती कधीच बसली नाही. लपायची जागा आणि आपलं माणूस, दोन्ही एकत्र मिळालं की थोडा दिलासा. बुडापेस्टच्या चाचणीत दिसलं होतं ते हेच.

साडेसातव्या वर्षीच का?

एक प्रश्न राहिला होता आणि खरं तर तोच महत्त्वाचा होता. भुरी पुण्यात वाढलेली. सात गणपतींचे ढोलताशे, सात दिवाळ्या तिने ऐकल्या होत्या आणि काकूंच्या सांगण्यानुसार लक्ष्मीपूजनालाही ती ताटाभोवतीच घुटमळायची. आवाजाला न घाबरणारं कुत्रं ऐन मध्यमवयात अचानक घाबरायला लागलं, तर त्याच्या अंगात कुठे दुखतंय का ते बघावं लागतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांची प्रकरणं ताडून पाहिली, हाडं-स्नायूंचं दुखणं असलेली दहा आणि नसलेली दहा. दुखणं असलेल्यांमध्ये ही भीती सरासरी चारेक वर्षं उशिरा सुरू झालेली होती. त्यांची मांडणी अशी: मोठा आवाज झाला की अंग दचकून आखडतं, आखडलं की दुखऱ्या सांध्यातून कळ जाते, आणि कुत्र्याच्या मनात आवाज आणि कळ यांची गाठ बसते.

मी पहिला व्हिडिओ पुन्हा काढला. सोफ्यावर चढताना मागचे पाय थांबले होते. काकूंना विचारलं, जिना कसा चढते? "दुसऱ्या मजल्यावर थांबते जरा. वय झालं तिचं, माझ्यासारखं." काकांनी भर घातली, की म्हातोबा टेकडीवर ती पूर्वी माथ्यापर्यंत यायची, हल्ली अर्ध्यातून मागे फिरते. यातलं काहीच कुणी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. कुत्रं दुखण्याने केकाटतं ही आपली समजूत आहे. रोजचं, मुरलेलं दुखणं असलेलं कुत्रं बहुधा केकाटत नाही, ते फक्त कमी करत जातं.

पशुवैद्यांनी उजवा मागचा पाय मागे ताणला तेव्हा भुरीने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि ओठ चाटले. एक्सरेमध्ये खुब्याच्या सांध्यात झिजेची सुरुवात दिसली. गोचिडतापाची रक्ततपासणीही केली, कारण आपल्याकडे तो सर्रास आढळतो आणि त्यातही सांधे दुखतात. ती स्वच्छ आली. मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या पाहून मग कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक सुरू झालं. घरात काकूंच्या गुडघ्याच्या गोळ्या होत्या आणि "त्यातलीच अर्धी दिली तर?" असं काकांनी विचारलंच. नाही. आयबुप्रोफेनसारखी माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात, अर्धी गोळीसुद्धा जुगार आहे.

वजन तीन-साडेतीन किलोने उतरवायचं ठरलं. म्हणजे पोळीच्या तुकड्यांचा हिशेब आला. तो काकांनी आनंदाने स्वतःकडे घेतला आणि काकूंनी नाराजीने सोडला.

काय केलं, आणि कुठे चुकलं

सगळ्यात आधी काकूंच्या अंघोळीची वेळ सव्वादहाऐवजी आठ झाली. यात कुत्र्याला काही शिकवायचं नव्हतं. ब्रेकर नसताना भुरी उंबऱ्यावर झोपते हे वहीत सिद्धच होतं, मग पडण्याचा धोका उद्यावर का ठेवायचा? काकू म्हणाल्या, "एवढंच होतं तर मी महिनाभर जीव मुठीत धरून का नाहत होते?"

मग बाथरूम भुरीला देऊन टाकलं. दिवसभर दार उघडं, खाली न घसरणारी रबरी चटई, एक्झॉस्ट पंखा चालू, म्हणजे त्याच्या एकसुरी आवाजात बाहेरचा थोडा बुडतो. फिनेल आणि अॅसिडच्या बाटल्या वरच्या फळीवर. घाबरलेल्या कुत्र्याला लपू दिलं किंवा जवळ घेतलं तर भीती वाढते असं पुष्कळ जण सांगतात. भीती ही करामत नव्हे, बक्षीस मिळालं म्हणून ती वाढत नाही. भुरी जवळ आली तर काकूंनी हात ठेवायचा, नाही आली तर मागे जायचं नाही, एवढं ठरलं. हॉल ते बाथरूम गुळगुळीत टाइल्सवरून जावं लागायचं, तिथे जुन्या सतरंज्या अंथरल्या. घसरणारा मागचा पाय दुखणं वाढवतोच.

शिवाय पॅसेजमध्ये, दोन कपाटांच्या मधल्या बोळात, तिची गादी टाकली आणि पुढे जाड पडदा सोडला. बाथरूम कायम तिच्या नावावर करणं पाहुणे येणाऱ्या घरात शक्य नाही, दुसरी जागा लागणारच होती.

अवघड भाग आवाजाशी गाठ नव्याने बांधण्याचा. तत्त्व सोपं आहे: आवाज आला की लगेच, सेकंद-दीड सेकंदात, तिला अतिशय आवडणारं काहीतरी मिळायचं, आवाज थांबला की मिळणं थांबायचं. मात्र आवाज इतका हलका हवा की ती खाऊ शकेल. कुत्र्याने आवडीचा खाऊ नाकारला तर आपण फार पुढे गेलो आहोत, हे मोजायला यापेक्षा चांगलं माप नाही. पोळी पुरणार नव्हती. काकूंच्या घरात अंडं येत नाही, पण भुरीसाठी एक वेगळं पातेलं आलं आणि त्यात अंडं उकडू लागलं. आम्ही आधी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला ब्रेकर अगदी बारीक आवाजात वाजवून पाहिला. त्याने फार काही साधत नाही, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून घरघर ऐकू येते पण फरशीतून पायाला लागणारी थरथर येत नाही, आणि भुरीला ती थरथर आधी कळत असावी. म्हणून खरा आवाज, पण पॅसेजमध्ये, दारं बंद करून, आणि काम हलकं चालू असताना, रोज दहा मिनिटं.

पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. "उलटंच झालं. डबा काढला की पळून जाते." मी व्हिडिओ मागवला. काका शिस्तीचे, साडेनऊला दोन मिनिटं कमी असताना डबा घेऊन तयार बसायचे, भुरीला एक तुकडा आधीच द्यायचे "म्हणजे तिला कळेल", आणि मग ब्रेकर सुरू व्हायचा. तिला कळलं ते असं, की अंडं आलं म्हणजे ब्रेकर येणार. क्रम उलटा झाला तर खाऊच धोक्याची घंटा ठरतो. हे चुकणं फार होतं आणि दोन-तीन दिवसांत ओळखू येतं: आवडता डबा पाहून कुत्रं जवळ यायच्या ऐवजी तोंड फिरवतं. डबा आणि जागा दोन्ही बदलली, अंडं आता काकूंच्या पदराआड, आणि आवाज आल्याशिवाय हात हलवायचा नाही. सावरायला दहा दिवस गेले.

स्वयंपाकघरात येण्यावर मी काहीच उपाय सुचवला नाही. तो आजार नव्हता. वजनासाठी पोळी थांबवायची होती, तर एकदम बंद केली असती तर ती काही दिवस आणखी हट्टाने मागे लागली असती, भुंकलीही असती, आणि नेमक्या त्या दिवशी कुणीतरी विरघळलं असतं. त्याऐवजी ओट्यापासून सहा फुटांवर एक चटई, आणि तिच्या रोजच्या जेवणातलेच दाणे त्या चटईवर. पायाशी कधीही नाही. तीन आठवड्यांत ती ओट्याशी न येता चटईवर जाऊन बसू लागली. अजूनही काकूंच्या मागेच येते, फक्त सहा फूट अंतर ठेवून.

फेब्रुवारीअखेर वजन तेवीसवर आलं होतं, जिन्यात थांबणं कमी झालं होतं, आणि ब्रेकर चालू असताना ती पॅसेजमध्ये पडद्यामागे बसायची, कधी कधी आडवी व्हायची. पण या यशावर मी सही करणार नाही, कारण मार्चमध्ये पाडकामच संपलं. दुखणं कमी झाल्याने भीती गेली, अंड्याने गेली की आवाज संपल्याने गेली, हे वेगळं काढता येत नव्हतं. वही बंद झाली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच प्लॉटवर नव्या इमारतीच्या पायासाठी खोदकाम लागलं आणि कातळ फोडायला ब्रेकर परत आला. काकांनी मला विचारायच्या आधीच वही उघडली होती. पहिल्या दिवशी भुरी बाथरूममध्ये गेली, चार मिनिटं उभी राहिली, मग पॅसेजमध्ये येऊन बसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी थेट पॅसेजमध्ये. चौथ्या दिवशीच्या पानाचा फोटो त्यांनी पाठवला. पट्टीने आखलेले तेच रकाने:

"१०.२०. सौ. अंघोळीला, पाणी उशिरा आल्यामुळे. दार बंद. ब्रेकर चालू. भुरी पॅसेजमध्ये, कुशीवर. शेरा: घोरते आहे."